आराखड्याआधीचं काम: भाषणासाठी सुचलेल्या तीस मुद्द्यांचे ढीग कसे लावायचे

भाषणाची तयारी करताना डोक्यात आलेलं सगळं कागदावर उतरवून झालं, की पुढची पायरी बहुतेक जण एकाच पद्धतीने चुकतात. दुसरा कोरा कागद घेऊन वर ‘प्रस्तावना’ लिहितात, खाली एक, दोन, तीन असे आकडे टाकतात आणि पहिल्या कागदावरचे मुद्दे त्या चौकटीत बसवायला लागतात. चौकट आधी आणि मुद्दे नंतर, असा हा उलटा प्रवास आहे. कोणता मुद्दा कोणाचा शेजारी आहे हे पाहण्याआधीच त्यांचा क्रम ठरून जातो. या लेखात मुद्दे सुचणं आणि आराखडा लिहिणं यांच्या मधल्या पायरीचं काम आहे. मुद्दे वेगळे करायचे, ढीग लावायचे, प्रत्येक ढिगाला नाव द्यायचं, आणि क्रम लावायची वेळ आली की थांबायचं.

पद्धतीचा गाभा जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांचा आहे. १९५० च्या दशकात नेपाळमध्ये केलेल्या क्षेत्रकार्यातून त्यांच्याकडे नोंदींचे गठ्ठे जमले होते, आणि त्या नोंदींमधून अर्थ काढण्यासाठी त्यांनी एका कार्डावर एक नोंद लिहून कार्डं जुळवण्याची रीत बसवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘केजे पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तिचा मुख्य नियम असा, की गट आधी ठरवायचे नाहीत, ते कार्डांमधून वर येऊ द्यायचे. भाषणासाठी ती वापरताना दोन-तीन बदल करावे लागतात, कारण भाषणाला वेळेची मर्यादा असते आणि श्रोत्याला मागचं पान उलटून पाहता येत नाही.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. तालुक्याच्या वाचनालयात ‘मोडी लिपीची ओळख’ या विषयावर तीस मिनिटं बोलायचं आहे, त्यानंतर दहा मिनिटं प्रश्नोत्तरं. समोर पन्नास-साठ माणसं असतील. काही निवृत्त शिक्षक, काही महाविद्यालयातली मुलं, आणि घरात जुने कागद असलेली बरीच मंडळी. वक्त्याने एका बैठकीत हे उतरवलं:

हेमाडपंत, खरं की दंतकथा / आधी ओळ आखायची मग अक्षरं / ऱ्हस्व-दीर्घ नाही / बोरू, टाक / आजोबांच्या ट्रंकेतले कागद / शुहूर सन / पेशवे दफ्तर / शब्दांत जागा नाही / फारसी शब्द / खरेदीखत / लोकांना वाटतं ही सांकेतिक लिपी / तंजावर / युनिकोड २०१४ / छपाईमुळे मागे पडली / रा. रा. / कागद लॅमिनेट करू नका / फोटो कसा काढायचा / मुळाक्षरांचा तक्ता / क, का, कु, रूप बदलतं / शिवकाल, पेशवेकाल, आंग्लकाल, वळण वेगळं / शिकायला किती दिवस? / कुणबी नोंदी २०२३ / ‘छ’ म्हणजे काय / वर्ग कुठे चालतात / भाषा मराठीच! / एक ओळ सगळ्यांनी मिळून वाचायची / बिघा, पांड / वाचता येणारी पिढी गेली / आजी-आजोबांना शाळेत मोडी होती / बालबोध आणि मोडी शेजारी शेजारी

हे तीस मुद्दे आहेत. यादी अशीच विस्कळीत असायला हवी. ती आधीच नीटनेटकी दिसत असेल तर मुद्दे सुचतानाच गाळले गेले आहेत असं समजा आणि आणखी दहा मिनिटं लिहा.

यादीवरून चिठ्ठ्यांवर

ए-फोर कागद तीनदा घडी घालून फाडला की साधारण साडेसात बाय साडेदहा सेंटीमीटरच्या आठ चिठ्ठ्या मिळतात. चार कागद पुरतात, दोन जास्तीचे ठेवा. लिहायला जाड स्केचपेन घ्या, बॉलपेन नको. चिठ्ठी हातभर अंतरावरून, उभ्याने वाचता आली पाहिजे. बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या पाहताना माणूस एकेका चिठ्ठीवर वाकतो आणि सगळा पसारा एका नजरेत कधीच येत नाही. जागा म्हणून जेवणाचं मोठं टेबल किंवा जमिनीवर अंथरलेली चादर चालते. पंखा बंद करायला विसरू नका.

आता यादी जशीच्या तशी उतरवायची नाही. प्रत्येक चिठ्ठीवर एक पूर्ण वाक्य हवं, आणि सगळ्यात जास्त मेहनत इथे आहे. ‘फारसी शब्द’ हा मुद्दा नाही, तो विषय आहे. फारसी शब्दांबद्दल काय म्हणायचं आहे? विचार केल्यावर चिठ्ठीवर येतं: ‘जुन्या कागदात फारसी शब्द बरेच असतात, म्हणून अक्षर लागलं तरी अर्थ लागत नाही.’ ‘शुहूर सन’चं होतं: ‘कागदावरचं साल शुहूर सनात आणि तेही अरबी शब्दांत लिहिलेलं असतं, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवल्यावर इसवी सन येतं.’ ‘ऱ्हस्व-दीर्घ नाही’चं होतं: ‘मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत, म्हणून शब्द संदर्भाने ओळखावा लागतो.’

वाक्याचा आग्रह कशासाठी? दोन शब्दांची चिठ्ठी कुठल्याही ढिगात बसते, वाक्याची चिठ्ठी बसत नाही. ‘शुहूर सन’ एवढंच लिहिलं असेल तर ती इतिहासातही जाईल, कालगणनेतही जाईल. पूर्ण वाक्य मात्र स्वतःच सांगतं की ही वाचकाला येणारी अडचण आहे. वाक्य लिहिता येत नसेल तर त्या मुद्द्याबद्दल सांगण्यासारखं अजून काही नाही. अशी चिठ्ठी बाजूला ठेवा, वाचून या, मग लिहा.

वाक्य लिहिताना काही मुद्दे फुटतात. आपल्या यादीत दोन फुटले. ‘पेशवे दफ्तर’मधून एक चिठ्ठी निघाली की पुण्याच्या दफ्तरात मोडीतले लाखो कागद आहेत, आणि दुसरी की आपल्या गावाचे किंवा घराण्याचे कागद तिथे शोधायचे कसे. पहिली चिठ्ठी माहितीची आहे, दुसरी कृतीची. एकत्र राहिल्या असत्या तर दोन्ही चुकीच्या जागी गेल्या असत्या. ‘खरेदीखत’मधूनही दोन निघाल्या. घरात सापडणारे कागद बहुधा जमिनीचे आणि देण्याघेण्याचे असतात ही एक, आणि नमुना म्हणून पडद्यावर एक खरेदीखत दाखवायचं ही दुसरी. तीसच्या बत्तीस झाल्या.

चिठ्ठ्यांना क्रमांक देऊ नका. आकडा दिसला की डोळा आपोआप आकड्यांचा क्रम शोधतो आणि तो फक्त सुचण्याचा क्रम असतो.

सांगायचं वेगळं, करायचं वेगळं

भाषणाच्या चिठ्ठ्यांमध्ये एक प्रकार असा असतो जो लेखाच्या चिठ्ठ्यांत फारसा नसतो. त्या चिठ्ठ्या काही सांगत नाहीत, व्यासपीठावर काय करायचं ते सांगतात. आपल्याकडे अशा चार आहेत: ट्रंकेतल्या कागदांचं चित्र उभं करायचं, मुळाक्षरांचा तक्ता दाखवायचा, खरेदीखताचा नमुना दाखवायचा, आणि एक ओळ श्रोत्यांकडून वाचून घ्यायची.

या चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यात एक फुली करा आणि त्या टेबलाच्या कडेला ठेवा. ढीग लावताना त्या मधे आल्या तर मुद्द्यांना खेचून घेतात. खरेदीखत दाखवायचं ठरलं की शुहूर सन, बिघा, फारसी शब्द असं जे जे त्या कागदावर दिसतं ते सगळं त्याच्याभोवती गोळा होतं आणि ‘खरेदीखत’ नावाचा ढीग तयार होतो. तो फसवा असतो, कारण त्यातल्या मुद्द्यांचा एकमेकांशी संबंध नसून सगळ्यांचा संबंध फक्त एका वस्तूशी असतो. त्या वस्तूचा उपयोग कुठे करायचा हे ढीग पक्के झाल्यावर ठरवता येतं.

उरल्या अठ्ठावीस चिठ्ठ्या. त्या पत्त्यांसारख्या पिसा आणि एकेक करून, उलटसुलट, सगळ्या मांडा.

पहिली फेरी: शेजार शोधा

कोणतीही एक चिठ्ठी उचला आणि मोठ्याने वाचा. मग बाकीच्यांवरून नजर फिरवून तिच्या जवळची एक शोधा. ‘कोणत्या गटात?’ हा प्रश्न या टप्प्यावर विचारायचाच नाही. प्रश्न एवढाच: ‘हिच्या शेजारी कोण बसेल?’ जोडी जमली की दोघी एकत्र सरकवा, आणि पुढची उचला. या फेरीत दोन ते पाच चिठ्ठ्यांचे छोटे ढीग व्हावेत. ढिगांना नाव देऊ नका, मनातल्या मनातही नाही. कोणी शेजारी बसून मदत करत असेल तर या फेरीत दोघांनीही बोलू नये. पहिल्याने ‘हा इतिहासाचा ढीग’ असं म्हटलं की दुसरा पुढची प्रत्येक चिठ्ठी त्या शब्दाशी ताडून पाहतो.

शाळेपासूनच्या निबंधांनी आपल्या डोक्यात काही खण तयार करून ठेवले आहेत: उगम, वैशिष्ट्ये, उपयोग, भविष्य. आपल्या चिठ्ठ्या त्यात टाकल्या तर काय होतं पाहा. शुहूर सन, हेमाडपंत, छपाई आणि आजी-आजोबांची शाळा ‘इतिहास’मध्ये जातात. ऱ्हस्व-दीर्घ, बोरू आणि ‘रा. रा.’ ‘वैशिष्ट्ये’मध्ये. कुणबी नोंदी ‘उपयोग’मध्ये, युनिकोड ‘भविष्य’मध्ये. सगळं बसलं, एकही चिठ्ठी उरली नाही, आणि तरी बोलायला उभं राहिल्यावर काही पुढे सरकत नाही. कारण शुहूर सन आणि हेमाडपंत यांना जोडणारं एकही वाक्य नाही, फक्त दोन्ही जुने आहेत. असे खण कुठल्याही विषयाला लागतात. मोडीच्या जागी पैठणी टाकली तरी तेच चार चालतील. हीच त्यांची ओळख. तुमच्या ढिगांची नावं दुसऱ्या विषयावरच्या भाषणाला जशीच्या तशी लागू पडत असतील तर तुम्ही चिठ्ठ्या जुळवल्याच नाहीत, खणात टाकल्या.

शेजार शोधताना दुसरा धोका सारख्या शब्दाचा. आपल्याकडे ‘कागद’ हा शब्द आठ-दहा चिठ्ठ्यांवर आहे. लॅमिनेट करू नका म्हणणारी, जमिनीचे कागद म्हणणारी, दफ्तरातले कागद म्हणणारी. शब्द एक, पण बोलणं वेगवेगळं. शंका आली तर दोन्ही वाक्यांच्या मध्ये ‘म्हणून’, ‘कारण’, ‘पण’ किंवा ‘आणि शिवाय’ घालून वाचा. ‘शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, *आणि शिवाय* ऱ्हस्व-दीर्घ नाही’ हे जमतं, दोन्ही मिळून वाचकाला अडवतात. ‘दफ्तरात लाखो कागद आहेत, *म्हणून* कागद लॅमिनेट करू नका’ हे जमत नाही. मधे शब्द बसत नसेल तर शेजार खोटा आहे.

अर्ध्या तासाने टेबलावर असं चित्र असतं. आखलेली ओळ आणि बोरू एकत्र. ऱ्हस्व-दीर्घ, जागा न सोडणं, क-का-कुचं रूप बदलणं आणि काळानुसार वळण बदलणं, हे चौघे एकत्र. शुहूर सन, तारखेआधी येणारं ‘छ’, ‘राजमान्य राजश्री’चं रा. रा., फारसी शब्द आणि बिघा-पांड ही जमिनीची मापं, हे पाच. हेमाडपंत, छपाई, वाचणारी पिढी, आजी-आजोबांची शाळा आणि बालबोधचा, म्हणजे देवनागरीचा, शेजार, हेही पाच. दफ्तरातले लाखो कागद, तंजावरचे मोडी कागद, कुणबी नोंदी आणि घरातले जमिनीचे कागद, हे चार. लॅमिनेट, फोटो आणि दफ्तरात शोधणं, हे तीन. किती दिवस लागतात आणि वर्ग कुठे, ही जोडी. सांकेतिक नाही आणि भाषा मराठीच, ही दुसरी जोडी. आणि युनिकोडची चिठ्ठी एकटीच.

तिला एकटीच राहू द्या. एकांड्या चिठ्ठीला जबरदस्तीने कुठेतरी बसवलं तर तो ढीग बिघडतो, आणि ‘इतर’ नावाचा ढीग केला तर भाषणात ‘आता काही किरकोळ गोष्टी’ असा भाग येतो, जिथे श्रोते घड्याळ पाहू लागतात. एकांड्या दोन-तीन असणं ठीक आहे. पाच-सहा झाल्या तर त्यांतल्या काहींची वाक्यं अजून धड लिहिलेली नाहीत, त्या पुन्हा लिहून पाहा.

एखादी चिठ्ठी दोन ढिगांत खरोखर बसत असेल तर तिची नक्कल करून दोन्हीकडे ठेवा. नाव देताना एका जागेहून ती आपोआप गळते.

नाव म्हणजे वाक्य

आता प्रत्येक ढीग हातात घेऊन त्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या सलग वाचा आणि विचारा, या सगळ्या मिळून काय म्हणतात? उत्तर वेगळ्या रंगाने, नव्या चिठ्ठीवर, पूर्ण वाक्यात लिहा. त्यात क्रियापद हवं. ‘वाचनातील अडचणी’ हे नाव नको. ते नाव दोन ढिगांना लागेल, आणि त्या दोघांमधला फरकच या भाषणाचा जीव आहे. ऱ्हस्व-दीर्घवाल्या चौघांचं नाव: ‘अक्षरं ओळखता आली तरी शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळत नाही.’ शुहूर सनवाल्या पाचांचं नाव: ‘शब्द वाचता आला तरी त्याचा अर्थ आज माहीत नसतो.’ पहिली अडचण लिपीची, दुसरी काळाची. नाम वापरलं असतं तर दोन्ही एकाच मथळ्याखाली मिसळल्या असत्या.

वाक्य बनत नसेल तर दोन कारणं असतात. एक, ढिगात दोन ढीग आहेत. वाक्यात ‘आणि’ घातल्याशिवाय काम भागत नाही, तेव्हा हे ओळखा आणि ढीग फोडा. पहिल्या फेरीतल्या ढिगात सातापेक्षा जास्त चिठ्ठ्या असतील तर हे हमखास होतं. दोन, ढिगात एक चिठ्ठी परकी आहे. ती काढून वाक्य पुन्हा करून पाहा.

दुसरी फेरी: नावांचे ढीग

चिठ्ठ्यांचे गठ्ठे रबरबँडने बांधा, वर नावाची चिठ्ठी ठेवा, आणि आता फक्त नावांमध्ये शेजार शोधा. भाषणाचे भाग इथे जन्माला येतात, म्हणून ही फेरी सावकाश करावी. शक्य असेल तर मधे एक रात्र जाऊ द्या. पहिल्या फेरीत डोळे चिठ्ठ्यांवर खिळलेले असतात. दुसऱ्या दिवशी नावं परक्याची असल्यासारखी वाचता येतात.

आपल्या टेबलावर आखलेली ओळ आणि बोरूची जोडी होती. तिचं नाव झालं: ‘लेखणी शक्य तितकी कमी उचलून भराभर लिहिता यावं यासाठी मोडीची घडण आहे.’ शेजारी चौघांचं नाव होतं: ‘शब्द कुठे सुरू होतो आणि संपतो ते कळत नाही.’ मधे ‘म्हणून’ घाला. भराभर लिहायचं म्हणून शब्दांमध्ये थांबणं नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नाही, आणि अक्षराला मात्रा लागली की पुढच्या वळणाच्या सोयीने रूपच बदलतं. दोन ढीग एक झाले आणि नवं नाव आलं: ‘लिहिणाऱ्याची जी सोय, तीच वाचणाऱ्याची अडचण.’ हे वाक्य सुरुवातीच्या तीस मुद्द्यांत कुठेही नव्हतं. दोन ढीग एकमेकांशेजारी आले म्हणून ते सापडलं. आराखडा आधी लिहिला असता तर बोरू ‘लेखनसाहित्य’ या मथळ्याखाली आणि ऱ्हस्व-दीर्घ ‘वैशिष्ट्ये’खाली गेलं असतं, आणि दोघांची भेटच झाली नसती.

याच रीतीने ‘ही सांकेतिक लिपी नव्हे, भाषा मराठीच’ ही जोडी शुहूर सनवाल्या पाचांना जाऊन मिळते, मधे ‘पण’ घालून: ‘भाषा मराठीच आहे, पण त्या काळच्या कचेरीची.’ लॅमिनेट-फोटोवाले तीन आणि शिकण्याची जोडी मिळून होतं: ‘कागद हाती आला तर या गोष्टी करायच्या.’ दफ्तर-तंजावर-नोंदीवाल्या चौघांचं नाव झालं: ‘मोडीतले कागद अजून कामाचे आहेत, आणि ते आपल्या घरातही आहेत.’ खरं तर या वाक्यात ‘आणि’ आहे. पण ते दोन गोष्टी चिकटवत नाही, पहिलीला पुढे नेतं, म्हणून चालवून घेतलं. हेमाडपंतवाले पाच स्वतंत्र राहिले: ‘मोडी आली आणि गेली.’ या ‘आणि’कडे मात्र लक्ष द्या. आली यात वेगळं, गेली यात वेगळं. ढीग कच्चा आहे.

कोणता ढीग बाहेर

ढीग पाच झाले. अर्ध्या तासाच्या भाषणात श्रोत्याच्या लक्षात तीन-चार भाग राहतात. एक तरी जायला हवा. इथे ढिगाची जाडी पाहून ठरवू नका. जाड ढीग म्हणजे वक्त्याला त्यातलं जास्त माहीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. चाचणी अशी करा: ढीग उचलून टेबलाखाली ठेवा आणि उरलेली नावं वाचा. कुठे अडतं का?

लिहिण्याची सोय काढली तर वाचणं अवघड का हे कळत नाही. ‘भाषा मराठीच’ काढलं तर श्रोता अक्षरं शिकून घरी गेल्यावर पहिल्याच ओळीत अडतो. ‘कागद हाती आला तर’ काढलं तर ट्रंकेतला कागद बुरशी धरेल किंवा प्लास्टिकमध्ये कायमचा बंद होईल. हेमाडपंत आणि छपाई काढली तर या श्रोत्यांपुढे काहीच अडत नाही. तो ढीग गेला. इतिहासाच्या विद्यार्थ्यांपुढे बोलायचं असतं तर कदाचित तोच राहिला असता आणि लॅमिनेशन गेलं असतं.

टाकलेल्या ढिगातून एखादी चिठ्ठी वाचवता येते का तेही पाहा. ‘आजी-आजोबांना शाळेत मोडी होती’ ही चिठ्ठी घरातल्या कागदांच्या ढिगात सहज जाते. लिपी दूरची नाही, दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत घरात वाचली जात होती, हे ती सांगते. उरलेल्या चार चिठ्ठ्या आणि एकांडं युनिकोड एका पाकिटात घाला, वर ‘प्रश्नोत्तरं’ लिहा. हेमाडपंताबद्दल कोणीतरी विचारणारच. तेव्हा मोडी त्याने आणली ही परंपरेने चालत आलेली समजूत आहे, एवढं दोन वाक्यांत सांगता येईल.

आता वेळ मोजा. राहिलेल्या चार ढिगांत तेवीस चिठ्ठ्या आहेत. एक चिठ्ठी श्रोत्यांना समजेल अशी सांगायला, उदाहरणासकट, साधारण सव्वा मिनिट धरा. स्वतःचा वेग माहीत नसेल तर कोणत्याही तीन चिठ्ठ्या मोठ्याने समजावून सांगत घड्याळ लावा आणि सरासरी काढा. तीस मिनिटांतली चार सुरुवात-शेवटाला जातात. सगळ्यांनी मिळून ओळ वाचण्याला सहा द्यावीच लागतात, कारण माणसं अडखळतात आणि अडखळू देणं हाच त्या ओळीचा उपयोग आहे. उरली वीस, म्हणजे सोळा चिठ्ठ्या. सात काढायच्या.

काढताना ढीग संपूर्ण ठेवून त्यातली सर्वांत कमी काम करणारी चिठ्ठी शोधा. बोरू गेला, कारण ‘लेखणी कमी उचलायची’ हे आखलेल्या ओळीवरूनही दाखवता येतं. काळानुसार बदलणारं वळण गेलं, नवशिक्याला ते आज लागणार नाही. रा. रा. आणि बिघा-पांड गेले, कारण अडचण काय असते ते दाखवायला शुहूर सन एकटं पुरेसं आहे. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७५, आणि त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७४, किंवा तारखेप्रमाणे पुढचं साल. एवढं फळ्यावर सोडवून दाखवलं तर श्रोत्याला त्या काळचा कागद कसा बोलतो ते कळतं. पाठोपाठ आणखी चार उदाहरणं दिली तर पहिलंही पुसलं जातं. तंजावर गेलं. वर्गांचे पत्ते आणि दफ्तरात शोधण्याची रीत भाषणातून निघून छापील कागदावर गेली, कारण पत्ते ऐकून कोणाच्या लक्षात राहत नाहीत. सोळा उरल्या: चार, पाच, तीन आणि चार.

कडेच्या फुल्या परत आणा

आता फुलीवाल्या चार चिठ्ठ्या घ्या. प्रत्येक एकाच ढिगाजवळ ठेवायची. ट्रंक घरातल्या कागदांच्या ढिगाशी. तक्ता ‘लिहिणाऱ्याची सोय’पाशी. खरेदीखताचा नमुना ‘भाषा मराठीच, पण कचेरीची’ यापाशी, कारण अक्षर ओळखून झाल्यावरची अडचण त्यावरच दिसते. मिळून वाचायची ओळ मात्र दोन ठिकाणी जाऊ पाहते, अक्षरांच्या अडचणीपाशी आणि अर्थाच्या अडचणीपाशी. ती दोन ढिगांच्या मधल्या जागेत ठेवा आणि तशीच राहू द्या. कोणता ढीग आधी हे ठरलं की तिची जागा आपोआप ठरेल. एखाद्या ढिगापाशी एकही फुली आली नाही, तर त्या भागात श्रोता नुसता ऐकत राहणार आहे. इथे ‘कागद हाती आला तर’ तसा आहे. फोनने फोटो काढताना सावली कशी पडते ते प्रत्यक्ष करून दाखवायची नवी चिठ्ठी त्यासाठी लिहावी लागली.

काम झालं का, हे ओळखायला चारही नावं एखाद्या अशा माणसाला वाचून दाखवा ज्याला मोडीबद्दल काही माहीत नाही. क्रम मुद्दाम उलटसुलट ठेवा. त्याने एखाद्या नावावर ‘ते कसं काय?’ असं विचारलं तर तो ढीग जिवंत आहे. त्याने नुसती मान डोलावली तर नाव अजून विषयाचंच आहे, वाक्य झालेलं नाही. ‘या दोन्ही तर एकच’ असं म्हणाला तर पुन्हा दुसऱ्या फेरीत जा.

एकट्याने, पूर्ण वाक्यं लिहिण्यासकट, हे सगळं दीड ते दोन तासांत होतं, मधली रात्र धरली नाही तर. स्क्रीनवर करायचं असेल तर चिठ्ठ्या सरकवता येतील अशी पाटी वापरा. स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात मुद्दे आणि दुसऱ्यात गटाचं नाव अशी मांडणी करू नका, कारण तिथे नाव आधी टाइप करावं लागतं आणि पुन्हा खणच तयार होतात.

शेवटी टेबलाचा वरून एक फोटो काढा, ढीग रबरबँडने बांधा, आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने त्यातल्या चिठ्ठ्यांची संख्या लिहा. क्रम लावताना एखादी चिठ्ठी चुकीच्या ढिगात सरकली तर आकडा जुळत नाही आणि ते लगेच कळतं.